मदत हवी आहे: गच्चीतल्या सागवानी टेबलाला पीव्हीए, इपॉक्सी की पीयू गम?

गच्चीकर_कोथरूड

नमस्कार मंडळी. गावच्या जुन्या घराचे सागवानी दरवाजे उतरवले त्याच्या फळ्या पुण्याला आणल्यात, त्यातून गच्चीसाठी टेबल करायचंय. साईज साधारण चार फूट बाय अडीच फूट, फळ्या सहा इंच रुंद आणि इंचभर जाड, अशा पाच शेजारी शेजारी लावल्या की टॉप होतो. गच्ची पूर्ण उघडी आहे, वर पत्रा नाही काही नाही, म्हणजे एप्रिल-मे मधलं ऊन पण खाणार आणि जूनपासून पाऊस पण. टेबल उचलून आत घेणं शक्य नाही, जिना अरुंद आहे.

प्लॅन असा की पाचही फळ्या कडेला कड चिकटवून एक सलग टॉप करायचा, खाली दोन आडव्या पट्ट्या गम आणि स्क्रू मारून, आणि चारी बाजूंनी छान चौकट. पायांना कुसू काढून भोकात बसवणार, हातानेच करतोय, मशीन नाहीये.

आता गमचा घोळ. आमचे मिस्त्री म्हणतात फेव्हिकॉलचं मरीन घ्या, म्हणजे पीव्हीए, पांढरा गमच, डोळे झाकून लावा. ऑफिसातला मित्र म्हणतो इपॉक्सी शिवाय पर्याय नाही. आणि टिंबर मार्केटला गेलो होतो भवानी पेठेत तिथे दुकानदाराने पीयू गमची बाटली दाखवली, म्हणाला बाहेरच्या कामाला हाच. तिघं तीन सांगतायत. पाऊस यायच्या आत उरकायचंय, कोणी स्वतः वापरलं असेल तर प्लीज सांगा.

निनाद११

इपॉक्सी. विषय संपला. बोटी इपॉक्सीने बनतात, त्या चोवीस तास पाण्यात असतात, तुमच्या टेबलाचं काय घेऊन बसलात. पांढरा गम कुठलाही असो, पाणी लागलं की शेवटी नरम पडतोच. पाच मिनिटात सेट होणारं मिळतं ते घ्या म्हणजे क्लॅम्प लावून बसायला नको.

वृषाली_सिंहगडरोड

आमच्या बाल्कनीतल्या झोपाळ्याचा सांधा गेल्या पावसात उघडला म्हणून हा धागा उघडला 😟 सुतारदादांनी साधा पांढरा गम लावला होता, आता सांध्यात बोटाने खरवडलं तरी तो ओल्या साबणासारखा निघतोय. मी असं विचारते की त्याच्यावरूनच इपॉक्सी भरून टाकलं तर चालेल का? की सगळं खोलावं लागेल? माणसं बसतात त्यावर म्हणून भीती वाटते.

समीर_हडपसर

@गच्चीकर सनमायका चिकटवायचा असेल तर पिवळा रबरवाला गम घ्या, दोन्हीकडे लावून दहा-पंधरा मिनिटं सुकू द्यायचं आणि मग दाबायचं. आमच्या डायनिंग टेबलाला तोच आहे, कधी काही झालं नाही.

गच्चीकर_कोथरूड

समीरदादा धन्यवाद पण सनमायका नाहीये, सगळं ठोस लाकूड आहे आणि ते पण उघड्यावर.

रंधा_पटाशी

गच्चीकर, गमवर येतोच, पण आधी तुमचा टॉप बघू, कारण तो जसा लिहिलाय तसा केलात तर तिन्हीपैकी कुठलाही गम लावा, पहिल्याच पावसाळ्यात फाटेल.

पुण्याची हवा बघा. मे महिन्यात दुपारी इतकी कोरडी असते की लाकडातला ओलावा सहा-सात टक्क्यांपर्यंत उतरतो, आणि जुलै-ऑगस्टमधे तेच लाकूड नुसत्या हवेतून पंधरा टक्क्यांच्या आसपास जातं, पाऊस अंगावर पडतो तो वेगळाच. सागवान तसं गुणी लाकूड, बाकीच्यांपेक्षा कमी हलतं, तरी फळी आडवी कापलेली असेल तर ओलाव्याच्या दर एका टक्क्याला रुंदीत साधारण ०.२ टक्के फुगते. आठ टक्क्यांचा फरक धरा. सहा इंची एक फळी अडीच मिलिमीटरच्या आसपास फुगली, आणि पाच एकत्र चिकटवल्यात तर अडीच फुटाचा टॉप बारा मिलिमीटर, जवळपास अर्धा इंच रुंद होणार. लांबीत मात्र लाकूड जवळजवळ हलतच नाही. म्हणजे खालच्या आडव्या पट्ट्या आणि चौकटीच्या आडव्या बाजू जागेवर राहणार आणि मधला टॉप त्यांना ढकलणार. गम पक्का असेल तर चौकटीचे कोपरे उघडतील किंवा टॉप मधे फुगेल, आणि दिवाळीनंतर सुकताना फळीच चिरेल. गम कच्चा असेल तर सांधा सुटेल. मी दुरुस्तीला आलेली बाहेरची टेबलं बघितलीत त्यात बहुतेकांचं दुखणं हेच असतं आणि शिव्या गमला बसतात.

तेव्हा टॉपला गमच नको. पाच फळ्या सुट्या ठेवा, मधे पाच-सहा मिलिमीटर फट सोडा, आत्ता मे मधे फट जास्त वाटेल पण पावसात ती अर्ध्यावर येईल. पाणी पण निथळून जातं त्यातून. खालून आडव्या पट्टीला प्रत्येक फळी दोन स्क्रूने धरा, पट्टीतलं एक भोक गोल आणि दुसरं लांबट म्हणजे फळीला सरकायला जागा राहील. स्क्रू स्टेनलेसचे, साधा लोखंडी स्क्रू सागवानात ओल धरून काळे डाग सोडतो. चौकट रद्द.

आता गम उरला फक्त पायांच्या कुसवांना, आणि तिथे तो खरंच महत्त्वाचा आहे.

निनाद११

म्हणजे शेवटी इपॉक्सीच ना 🙂

रंधा_पटाशी

निनाद, पायांसाठी मी पण इपॉक्सीच सांगणार आहे, पण तुम्ही सांगितलेल्या कारणासाठी नाही आणि तुम्ही सांगितलेलं पण नाही. पाच मिनिटवालं इपॉक्सी घरातल्या कपबशीला ठीक, ओलावा आणि उष्णता दोन्हीत ते हळू सुकणाऱ्यापेक्षा कमजोर. आणि बोटीवर इपॉक्सीच्या वर कायम रंग किंवा व्हार्निश असतं, कारण उघड्या उन्हात ते पिवळं पडून वरून भुकटी व्हायला लागतं. शिवाय घरी मिसळून साध्या हवेत सुकवलेलं बरंचसं इपॉक्सी ५०-६० डिग्रीच्या पुढे नरम पडायला लागतं, आणि मे मधे गच्चीत गडद पॉलिशच्या टॉपला दुपारी हात लावून बघा, तेवढं तापमान सहज गाठतं. म्हणून टॉपच्या कडा इपॉक्सीने जोडायला मी तसाही नाही म्हटलं असतं. पायांचे सांधे टॉपखाली सावलीत असतात, तिथे हा प्रश्न बराच कमी.

पीव्हीए बद्दल मिस्त्री अगदीच चूक नाहीत. डब्यावर डी-३ की डी-४ लिहिलंय ते बघा, मरीन किंवा वॉटरप्रूफ या शब्दावर जाऊ नका. डी-३ च्या टेस्टमधे चिकटवलेला तुकडा चार दिवस गार पाण्यात ठेवतात, डी-४ ला त्याशिवाय सहा तास उकळतात. उघड्यावर पाऊस-ऊन खाणाऱ्या कामाला डी-४ च, आणि ते सुद्धा लाकडाला वरून रंग-पॉलिशचं संरक्षण आहे असं धरून. आणखी एक, पीव्हीए सतत ताण असेल तर हळूहळू सरकतो, उन्हात जास्तच. पण सांधा घट्ट असेल, क्लॅम्प नीट बसत असतील तर डी-४ ने काम होतं.

पीयू पाण्याला फार चांगला. तो लाकडातल्या ओलाव्यावरच सुकतो, म्हणून आत्ताच्या कोरड्या लाकडाला एका बाजूने ओलसर फडकं फिरवावं लागतं. फक्त तो फसफसून फुगतो आणि सांधा भरलेला दिसतो, त्या फेसात दम काही नसतो. फट असेल तिथे पीयू म्हणजे नुसती फसवणूक. बाटली एकदा उघडली की आपल्या पावसाळ्यात आतल्या आत दगड होते, तेव्हा लहान बाटली घ्या. हातमोजे घाला, कातडीवरचा काळा डाग दिवसेंदिवस जात नाही.

तुम्ही हाताने कुसू काढताय, मशीन नाही, म्हणजे चार-आठ सांध्यात कुठे ना कुठे अर्धा मिलिमीटर ढिलं राहणारच. फट भरून तिथे ताकद देणारं या तिघांत एकच, इपॉक्सी. म्हणून ते.

गच्चीकर_कोथरूड

बापरे, टॉपचं हे डोक्यातच नव्हतं, चौकट काढतो. इपॉक्सी कसं लावू ते जरा सविस्तर सांगाल का? अ‍ॅरल्डाईट स्टँडर्डच्या दोन ट्यूब मिळतात ते चालेल? आणि जुन्या सागवानाला तेल असतं म्हणतात त्याचं काय?

रंधा_पटाशी

चालेल, हळू सेट होतं तेच हवं. दोन्ही ट्यूबमधून सारखं सारखं काढा, आणि रंग एकजीव होईपर्यंत घोटा, कडेचं-तळाचं पण ओढून घ्या. एका वेळी दोन सांध्यांपुरतंच करा, या उकाड्यात मोठा गोळा आपोआप तापून लवकर घट्ट होतो.

तेलाचं खरं आहे, सागवानावर गम न धरण्याचं मुख्य कारण तेच. वरचं जुनं पॉलिश-तेल सगळं रंध्याने काढा, कुसू आणि भोक दोन्हीकडे पटाशीने ताजं लाकूड उघडं करा, ८० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा, आणि चिकटवायच्या अगदी आधी अ‍ॅसिटोनने पुसा. पुसून उडालं की लगेच गम. आज पुसून उद्या चिकटवलंत तर आतलं तेल परत वर आलेलं असतं. अ‍ॅसिटोन उघड्यावर वापरा, जवळ गॅस-विडी काही नको.

आधी पातळ हात दोन्ही बाजूंना चोळा, मग उरलेल्यात बारीक भुसा घालून चटणीइतकं दाट करा आणि ते भरा. क्लॅम्प फक्त जागेवर धरण्यापुरता, पीव्हीएसारखा आवळलात तर सगळं बाहेर येईल आणि सांधा कोरडा राहील. रात्रभर ठेवा, वजन मात्र दोन-तीन दिवस नको. आणि प्रत्येक कुसवातून आरपार एक सागवानी खुंटी मारा. गम दहा वर्षांनी हरला तरी पाय जागेवर राहतो.

विश्वास नसेल तर दोन टाकाऊ तुकडे असेच चिकटवा. सुकल्यावर दिवसभर पाण्यात, मग दिवसभर गच्चीत उन्हात, असं काही वेळा करा आणि पटाशी ठोकून फोडा. गमवर लाकडाचे तंतू चिकटून आले तर उत्तम. गुळगुळीत चकचकीत गम दिसला तर तेल राहिलंय.

वृषालीताई, जुन्या पांढऱ्या गमवर इपॉक्सी धरत नाही, खोलावंच लागेल. ओल्या फडक्याने तो नरम करून खरवडा, पूर्ण सुकू द्या, मग वर लिहिलंय तसं करा. पण माणसं बसतात तिथे नुसत्या गमवर सोडू नका, सुतारदादांना आरपार बोल्ट टाकायला सांगा, तोपर्यंत झोपाळा काढून ठेवा.

वृषाली_सिंहगडरोड

धन्यवाद, आजच काढून ठेवते 🙏

निनाद११

५०-६० डिग्रीचं मला पटत नाहीये. माझ्या बाईकच्या इंजिनाजवळ लावलेलं इपॉक्सी दोन वर्षं टिकलंय.

रंधा_पटाशी

ते कुठलं आहे बघा, गाडीच्या कामाला उष्णता सोसणारं वेगळं मिळतं, आणि काही इपॉक्सी उन्हात तापत गेलं की पुढे थोडं सुधारतं पण. ट्यूबवर लिहिलं असेल.

निनाद११

पाकीट टाकून दिलं. शोधतो.

गच्चीकर_कोथरूड

उद्या तुकड्यांवर टेस्ट लावतो. एक शेवटचं, पायांच्या खालच्या तोंडाचं काय करू? गच्चीच्या उताराला पाणी साचतं तिथेच टेबल येणारे.

रंधा_पटाशी

खालचं तोंड सगळ्यात जास्त पाणी ओढतं. दाट न केलेलं इपॉक्सी तिथे ब्रशने लावा, पिऊन टाकेल, मग दुसरा हात, पाहिजे तर तिसरा. पायांच्या बाजूंना चढवू नका, तिथून लाकडाला सुकायला वाव हवा. वर नायलॉनची किंवा रबराची टोपी स्क्रूने बसवा म्हणजे लाकूड फरशीपासून अर्धा इंच वर राहील. पॉलिशचं मात्र माझंही एक मत नाही, काही लोक तेल लावतात दर वर्षी, काही मरीन व्हार्निशवर ठाम असतात, कोणी दोन पावसाळे काढलेले असतील त्यांनी लिहा.