गावच्या वाचनालयाला ‘ओसरी’ हे नाव द्यावे का?

कृष्णाकाठ

सांगली जिल्ह्यातील आमच्या गावी जुन्या शाळेच्या दोन खोल्यांत वाचनालय सुरू होत आहे. येत्या ग्रामसभेत मी नावाचा प्रस्ताव मांडणार आहे. भाषणाचा मसुदा खाली देतो. नाव योग्य आहे का, आणि यातला कोणता मुद्दा सभेत टिकणार नाही, हे कृपया सांगावे.

«सरपंच महोदय आणि ग्रामस्थहो, आपल्या वाचनालयाचे नाव ‘ओसरी’ असावे, असा माझा प्रस्ताव आहे. ओसरी घराची असली तरी ती घरच्यांपुरती नसते. माजघरात जायला नाते लागते. ओसरीवर टेकायला मात्र काम असले की पुरते, आणि पुष्कळदा तेही लागत नाही. पोस्टमनने आणलेले पत्र ओसरीवर उघडले जाई, ज्याला अक्षरओळख नव्हती त्याला ते तिथेच वाचून दाखवले जाई, आणि चातुर्मासात पोथीही तिथेच लागे. ज्या काळी गावात चार छापील पुस्तके नव्हती, त्या काळीही गावात वाचन होते, आणि ते ओसरीवर होते.

आपल्याकडच्या जुन्या ग्रंथालयांपैकी काहींनी ‘मंदिर’ हा शब्द पसंत केला. कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर 1850 सालचे आहे. त्या नावामागचा आदर मला मान्य आहे, पण देवळात माणूस चपला काढून आणि आवाज खाली आणून शिरतो, आणि ज्याची शाळा सातवीत सुटली तो अशा जागेच्या उंबऱ्यावरूनच परत फिरण्याची शक्यता अधिक. आपल्या खोल्यांपुढे लांब व्हरांडा आहे. बाके आणि लाकडी पट्टीत अडकवलेली वर्तमानपत्रे तिथे राहतील आणि कुलपातली कपाटे आत राहतील, असे आपण ठरवलेच आहे. या रचनेला आपल्या भाषेत नाव आहे. ते पाटीवर लिहावे, एवढेच मी सुचवतो.»

कडूकारले

भाषण चांगले आहे, नाव नाही. आपण सभेत ‘ओसरी’ म्हणताच मागच्या रांगेतून कोणीतरी ‘भटाला दिली ओसरी’ ही म्हण पुरी करणार, आणि पुढची दहा मिनिटे हशात जाणार. दुसरे असे की हा शब्द ‘ओसरणे’ या क्रियापदावरून आला आहे. पूर ओसरतो, गर्दी ओसरते. 2019 च्या ऑगस्टमध्ये ज्या कृष्णाकाठाने पाणी ओसरण्याची वाट पाहिली, तिथे वाचनालयाच्या पाटीवर हाच शब्द लिहिणे म्हणजे वाचकसंख्या घटण्याची आधीच घोषणा करण्यासारखे आहे.

जुनीपोथी

कडूकारले यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. दोन्ही शब्दांचे मूळ ‘अप’ आणि ‘सृ’ यांत, म्हणजे बाजूला सरकण्यात, शोधले जाते. परंतु एक दुसऱ्यापासून निघालेला नाही. पूर पात्राकडे सरतो, तर ओसरी म्हणजे मुख्य वास्तूपासून बाहेर सरकलेला, पुढे उतरत्या छपराखालचा भाग. शिवाय ‘ओसरीवर बसलो’ हे वाक्य ऐकून पुराची आठवण झालेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

या शब्दाचे वय मात्र भाषणात यायला हवे. पालीत ‘ओसारक’ असा शब्द आहे, आणि तो विनयपिटकाच्या चुल्लवग्गात, भिक्खूंच्या निवासाला कोणकोणती बांधकामे जोडण्यास अनुमती आहे हे सांगताना, ‘आळिंद’ या शब्दाच्या बरोबरीने येतो. आपली ओसरी त्याच घराण्यातली मानली जाते. म्हणजे ती केवळ वाडेवाल्यांची मिरास नव्हे. विहारालाही ती होती.

वेशीबाहेर

चुल्लवग्गातले असेल, परंतु ग्रामसभेत बसलेल्यांची आठवण चुल्लवग्गापर्यंत जात नाही, आजोबांपर्यंत जाते. मसुद्यातले ‘टेकायला काम असले की पुरते’ हे वाक्य आमच्या वस्तीतल्या कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवावे. काम असतानाही आमची माणसे अंगणात उभी राहत. पत्र वाचून घ्यायचे असेल तर ते खाली ठेवायचे, वाचणाऱ्याने ते उचलायचे, आणि ऐकणाऱ्याने पायरीच्या खालून ऐकायचे. ओसरी कोणाची होती हे न सांगता ती सर्वांची होती असे सांगणे, हा या भाषणातला खरा कच्चा दुवा आहे. म्हणीची थट्टा विरून जाईल, ही गोष्ट विरणार नाही.

अभ्यासू

आमच्या तालुक्यात एमपीएससी करणाऱ्या मुलांना रात्री अकरापर्यंत बसायला जागा मिळत नाही. आपण ‘अभ्यासिका’ असे सरळ नाव द्यावे आणि व्हरांड्यात प्लगचे पॉइंट वाढवून घ्यावेत. वाय-फायचेही पाहावे.

कृष्णाकाठ

अभ्यासू, सूचना चांगली आहे, पण तो आमच्याकडे वेळापत्रकाचा विषय आहे. ‘अभ्यासिका’ म्हटले की ज्यांना परीक्षा द्यायची नाही ते येणार नाहीत, अशी मला भीती वाटते.

वेशीबाहेर, आपण त्या वाक्यावर नेमके बोट ठेवले आहे. ते असे केले तर चालेल का? «जुन्या ओसरीवर गावातले सगळे बसू शकत नव्हते. ज्यांना पायरीखाली उभे केले गेले त्यांची नातवंडे आज या सभेत आहेत. हे नाव मी जुन्या ओसरीच्या कौतुकासाठी सुचवत नाही. जिच्यावर बसण्यासाठी कोणालाही विचारावे लागणार नाही, अशी गावाची पहिली ओसरी ही असावी, म्हणून सुचवतो.»

नोंदवही

आमच्या गावचा अनुभव सांगतो. आम्ही धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी एका देणगीदाराच्या वडिलांच्या नावाने केली, पाटी मात्र वेगळीच लावली. नोंदणीचा दाखला, बँकेचे खाते आणि शिक्का यांवरची नावे जुळेनात. नाव बदलायचे तर विश्वस्त कायद्याच्या कलम 22 खाली बदल अर्ज 90 दिवसांत द्यावा लागतो. आम्ही तो वेळेत दिला नाही आणि पुढचे सगळे लांबत गेले. त्यामुळे ठरावात पूर्ण नाव लिहून घ्यावे, उदाहरणार्थ ‘ओसरी सार्वजनिक वाचनालय’. नुसते ‘ओसरी’ असेल, तर कागद हाताळणाऱ्याला ही संस्था कशाची आहे हेच कळणार नाही. गावातले लोक मात्र शेवटी ‘लायब्रीत जाऊन येतो’ असेच म्हणतात, ही गोष्ट वेगळी.

कडूकारले

आणखी एक राहिले. आपल्या भागात ‘ओसरी’ कोण म्हणते? सांगली-कोल्हापूरकडे ‘सोप्यात बसा’ म्हणतात. पुस्तकी शब्द आणून गावपणाचा आव कशाला?

जुनीपोथी

हा आक्षेप मात्र मला वजनदार वाटतो. फक्त, ‘सोपा सार्वजनिक वाचनालय’ अशी पाटी लागली, तर आत अवघड पुस्तके मिळत नाहीत असा समज होईल, आणि ती थट्टा म्हणीपेक्षा जास्त काळ टिकेल. ओसरी कळत नाही असा माणूस आपल्या भागातही सापडणार नाही, बोलताना तो शब्द त्याच्या तोंडी नसला तरी.

वेशीबाहेर

नवा परिच्छेद आधीपेक्षा प्रामाणिक आहे. तो सभेत वाचला गेला तर मी विरोधात बोलणार नाही, परंतु हातही वर करणार नाही. ‘अंगण’ हा पर्याय कोणी सुचवण्याआधीच सांगतो, तो नको. आम्हाला उभे केले होते ते तिथेच. सावित्रीबाईंचे नाव द्यावे असे आमच्याकडे बहुतेकांचे मत आहे, आणि तो प्रस्तावही त्याच सभेत यायला हवा.

कृष्णाकाठ

यावा. दोन्ही प्रस्ताव एकाच विषयाखाली मांडावेत, असे मी ग्रामसेवकांना आजच लेखी कळवतो. ‘ओसरी’ला मते कमी पडली, तरी व्हरांड्यातली बाके हलवायची नाहीत, एवढे मात्र ठरावात वेगळे लिहून घेईन.