बचत खातं: आकडा वाढला, पैसा आटला

> "बचत खात्यात पैसा कमी तर होत नाही ना? व्याज थोडं का होईना, मिळतंच."

पासबुकात तो कमी दिसत नाही, म्हणूनच लक्षात येत नाही. आमच्या बाबांनी 2003 मध्ये इथे नागपुरात, धरमपेठेतल्या एका शाखेत 1 लाख रुपये ठेवले आणि आठ वर्षं हात लावला नाही. तेव्हा बचत खात्याचा दर रिझर्व्ह बँकच ठरवायची आणि मार्च 2003 पासून मे 2011 पर्यंत तो साडेतीन टक्केच होता. आठ वर्षांत झाले साधारण 1 लाख 31 हजार. बाबा खूश होते.

आता महागाई वर्षाला 6 टक्के धरा (प्रत्यक्षात त्याहून जास्तच होती). 2003 मध्ये लाखात येणाऱ्या किराण्याला 2011 मध्ये 1 लाख 59 हजार लागतात. म्हणजे बाबांच्या 1 लाख 31 हजारांत जुन्या भावाने जेमतेम साडेब्याऐंशी हजारांचा माल येतो. त्यात एप्रिल 2010 पर्यंत व्याज मिळायचं ते महिन्याच्या 10 तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर. बाबांचे पैसे पडून होते म्हणून त्यांना पूर्ण मिळालं. 12 तारखेला पैसे काढणाऱ्याला तेवढंही नाही.