‘हे बघा’ म्हटले, पण सोबत काहीच नाही: उत्तर कसे द्यावे?

शंकेखोर:
एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा मेल आला. मजकूर एवढाच होता: ‘हे बघा.’ सोबत फाइल नाही, चित्र नाही, दुवाही नाही. मी ‘काही मिळाले नाही, कृपया पुन्हा पाठवा’ असे कळवले, तर थोड्या वेळाने तसाच रिकामा मेल पुन्हा आला. आता ‘दोनदा पाठवले आहे’ म्हणून ते माझ्यावरच नाराज आहेत. माझ्या मते माझे उत्तर नम्र आणि पुरेसे होते. आपले मत काय?

मितभाषी:
आपले उत्तर पुरेसे होते आणि यात चर्चा करण्यासारखे फारसे काही नाही. दोन शब्दांच्या निरोपाला दहा ओळींचे उत्तर देणे म्हणजे समोरच्याची विसरभोळी चूक त्याच्यासमोर मांडून ठेवणे होय. एक ओळ लिहावी, फाइल आली की कामाला लागावे. दुसऱ्यांदाही रिकामाच मेल आला असेल, तर तो दोष पाठवणाऱ्याचा आहे.

पत्रपेटी:
मी असहमत आहे, कारण दुसरा रिकामा मेल येण्याला आपल्या उत्तराचाही थोडा हातभार आहे. ‘काही मिळाले नाही’ या वाक्याचे दोन अर्थ होतात: मेलच आला नाही, किंवा मेल आला पण त्यात फाइल नव्हती. पहिला अर्थ घेणारा माणूस आधीची कृती तशीच पुन्हा करतो, आणि तीच कृती केली की तोच परिणाम होतो. मेल-व्यवस्थेचे काम पाहताना अशा तक्रारी माझ्याकडे नेहमी येतात आणि त्यांतल्या बऱ्याच एकाच कारणापाशी येऊन थांबतात.

ते कारण असे. सहकाऱ्यांना ती फाइल कोणा तिसऱ्याकडून मेलने आलेली असते. त्याच मेलवर ते ‘रिप्लाय’ दाबतात, पत्त्याच्या जागी आपला पत्ता घालतात, ‘हे बघा’ लिहितात आणि पाठवतात. ‘फॉरवर्ड’ केले तर फाइल सोबत जाते. ‘रिप्लाय’ केले तर मूळ मेलची फाइल सहसा सोबत जात नाही, कारण ज्याने ती पाठवली त्यालाच ती परत पाठवण्याची गरज नसते. मात्र त्यांच्या पडद्यावर सगळे मेल एका संभाषणात एकाखाली एक दिसतात. वरच्या मेलमध्ये फाइल दिसते, खाली ‘हे बघा’ दिसते, आणि ती गेलीच आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होते. आपल्याकडे तो वरचा मेल कधी आलेलाच नाही.

म्हणून चांगल्या उत्तराने आपल्या बाजूला नेमके काय दिसते ते सांगावे आणि पाठवणाऱ्याला तपासण्यासाठी एकच जागा दाखवावी. मी साधारण असे लिहिले असते:

‘आपला 11.40 चा मेल मिळाला. त्यात “हे बघा” एवढी ओळ दिसते. फाइल किंवा दुवा दिसत नाही. “सेंट” मध्ये जाऊन नेमका तोच मेल उघडून त्यात फाइल आहे का, एवढे पाहाल का? नसेल तर मूळ मेल फॉरवर्ड करावा. असेल तर ती वाटेत अडली असावी, तेव्हा फाइलचे नाव कळवा. दुसऱ्या मार्गाने मागवून घेतो.’

यातला ‘नेमका तोच मेल’ हा भाग महत्त्वाचा आहे. संभाषण उघडून पाहिले तर वरची फाइल पुन्हा डोळ्यांसमोर येते आणि गैरसमज पक्का होतो.

अर्धविराम:
फाइल मोठी असल्यामुळे वाटेत गळून पडली असणार. मेलमधून 25 एमबीपेक्षा मोठी फाइल जात नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा उत्तरात सरळ ‘फाइल लहान करून पाठवा’ असे सांगावे, म्हणजे प्रश्न मिटला.

पत्रपेटी:
मर्यादा असते हे खरे, आणि जीमेलची पाठवण्याची मर्यादा 25 एमबी आहे हेही खरे. काही मेल-व्यवस्थांत मर्यादा प्रत्यक्षात आणखी लवकर गाठली जाते, कारण मेलमधून जाताना फाइलचे रूपांतर अक्षरांत होते आणि दर तीन बाइटचे चार होतात. म्हणजे 20 एमबीची फाइल 26 एमबीच्या पुढे जाते. पण आकारामुळे अडचण आली, तर साधारणपणे अख्खा मेलच परत येतो किंवा फाइलऐवजी दुवा जातो. मजकूर पोचला आणि फाइल तेवढी नाहीशी झाली, असे आकारामुळे सहसा होत नाही. ते होते सुरक्षा-गाळणीमुळे. काही संस्थांच्या गाळण्या चालवता येण्याजोग्या फाइली किंवा पासवर्ड लावलेल्या झिप काढून टाकतात आणि मजकूर पुढे सोडतात. बहुधा त्या जागी तशी सूचनाही ठेवतात. म्हणूनच कारण आपण ठरवून ‘लहान करून पाठवा’ असे सांगू नये. समोरचा माणूस अर्धा तास फाइल लहान करण्यात घालवील आणि पुन्हा ‘रिप्लाय’च दाबील.

संदर्भप्रेमी:
आपण सर्वजण फक्त यंत्राकडे पाहत आहात. माझ्या मते चांगले उत्तर अंदाज बांधण्याचे धाडस करते. गेला आठवडाभर दोघांमध्ये एकाच मसुद्याविषयी बोलणे चालू असेल, तर ‘हे’ म्हणजे तो मसुदाच, हे कळायला फाइल कशाला हवी? माझ्याकडे जुनी प्रत असेल तर ती उघडून मी माझा अभिप्राय पाठवून देतो. ज्येष्ठ माणसाला पुन्हा कामाला लावण्यापेक्षा ते बरे, आणि वेळही वाचतो.

काटेकोर:
वेळ वाचत नाही, उलट धोका वाढतो. एक उदाहरण घेऊ. कराराच्या मसुद्याची पहिली प्रत आपल्याकडे आहे. सहकाऱ्यांना दुसरी प्रत पाठवायची होती आणि तीत पैसे देण्याची मुदत 30 दिवसांवरून 60 दिवसांवर नेली होती. आपण जुनी प्रत वाचून ‘पाहिले, मुदतीचे कलम ठीक आहे’ असे उत्तर दिले. ते उत्तर आता त्यांच्या ‘हे बघा’च्या खाली लागलेले आहे. महिन्याभराने कोणी ते संभाषण उघडले, तर दुसऱ्या प्रतीला आपली संमती होती असेच दिसेल. आपण ती प्रत पाहिलीच नव्हती, याचा पुरावा त्या संभाषणात कुठेही नाही. न पाहिलेल्या वस्तूवर अभिप्राय देणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करणे.

संदर्भप्रेमी:
हे टोकाचे उदाहरण झाले. बहुतेक वेळा अंदाज बरोबरच ठरतो.

काटेकोर:
बरोबर ठरतो म्हणूनच तो न सांगता वापरण्याची सवय लागते. अंदाज जरूर करावा, पण तो प्रश्न म्हणून लिहावा: ‘आपल्याला मसुद्याची दुसरी प्रत अभिप्रेत आहे का? माझ्याकडे फक्त पहिली आहे, 30 दिवसांच्या मुदतीची.’ एवढ्याने समोरच्याला हो किंवा नाही म्हणता येते, आणि आपल्या हातात काय आहे याची लेखी नोंदही राहते. अभिप्राय मात्र फाइल आल्यावरच द्यावा. आणखी एक गोष्ट राहून जाते: फाइल आली तरी ‘हे बघा’ म्हणजे काय करायचे, हे कळतेच असे नाही. नुसते वाचायचे, चुका काढायच्या की मंजुरी द्यायची? फाइल मागतानाच हे विचारून घेतले तर एक फेरी वाचते.

सावधान:
माझे मत सर्वांहून वेगळे आहे: उत्तरच देऊ नये. ‘हे बघा’ एवढाच मजकूर ही फसवणूक करणाऱ्यांची जुनी युक्ती आहे. उत्तर दिले की पत्ता चालू आहे हे त्यांना कळते आणि पुढच्या मेलमध्ये खरी घातक फाइल येते. आपण स्वतःहून फाइल मागितलेली असते, त्यामुळे ती उघडतानाही संशय येत नाही.

पत्रपेटी:
आपली शंका रास्त आहे, उपाय मात्र मला पटत नाही. खऱ्या सहकाऱ्याला मौन पाळून काहीच कळत नाही. आधी नावावर न जाता पूर्ण पत्ता पाहावा, आणि उत्तर लिहायला घेतल्यावर ते कोणत्या पत्त्यावर जात आहे तेही पाहावे, कारण उत्तराचा पत्ता पाठवणाऱ्याच्या पत्त्याहून वेगळा ठेवता येतो. त्या माणसाच्या लिहिण्याच्या ढंगाशी निरोप जुळत नसेल, तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करावा. मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर नव्हे. पण पत्ता ओळखीचा असला तरी खातेच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेले असू शकते, आणि ते पत्ता पाहून कळत नाही, एवढे मान्य करतो.

टाचणी:
खरा दोष फाइल जोडायला विसरणाऱ्यांचा आहे आणि त्यावर सोपा उपाय आहे. मी आधी फाइल जोडते, मग मजकूर लिहिते आणि पत्ता सर्वांत शेवटी घालते. शिवाय हल्ली मेलची व्यवस्था स्वतःच आठवण करून देते की फाइल जोडायची राहिली.

काटेकोर:
आपली पद्धत उत्तम आहे, पण प्रश्न पाठवणाऱ्याचा नसून उत्तर देणाऱ्याचा आहे. आणि ती आठवण मजकुरात ‘सोबत जोडले आहे’ अशा अर्थाचे ठरावीक शब्द सापडले तरच येते. ‘हे बघा’मध्ये तिला पकडण्यासारखे काहीच नसते, म्हणून नेमके असे मेल तिच्या हातून निसटतात.

शंकेखोर:
सर्वांचे आभार. पत्रपेटी यांनी सुचवल्याप्रमाणे नेमका तोच मेल उघडून पाहण्याची विनंती केली. त्यांनी मूळ मेलवर दोन्ही वेळा ‘रिप्लाय’च केले होते, फॉरवर्ड केल्यावर फाइल लगेच आली. आता एकच अडचण उरली आहे. मूळ मेलमध्ये ‘दोन दिवसांत अभिप्राय द्यावा’ असे लिहिलेले निघाले. ते दोन दिवस मी पहिल्या रिकाम्या मेलपासून धरावेत की फाइल मिळाल्यापासून?

काटेकोर:
फाइल मिळाल्यापासून. पण ते गृहीत न धरता आजच लिहून कळवा: ‘फाइल आज मिळाली, त्यामुळे परवा सायंकाळपर्यंत अभिप्राय देतो.’ खरे तर पहिल्या उत्तरातच ‘फाइल मिळाल्यावर दोन दिवस लागतील’ असे वाक्य असते, तर हा प्रश्न आलाच नसता.

मितभाषी:
मला हे पटत नाही. ज्येष्ठांना ती मुदत कदाचित तिसऱ्याच कोणी घालून दिली असेल, आणि आपल्या दोघांच्या मेलमध्ये काय घडले याच्याशी त्या तिसऱ्याचा काही संबंध नाही. मुदत पुढे ढकलल्याचे आपणच जाहीर करण्याऐवजी ती पुढे जाऊ शकते का, असे आधी विचारावे. आणि तेही एका ओळीत.