शिक्षकी सोडून डेटात: इंटरव्ह्यूत हजेरीपट कामी आला

"शिकवणं का सोडलं विचारलं की काय सांगू?"

कारण एका वाक्यात उरका अन् लगेच शाळेतलंच एक काम सांगा. मी चोपड्याकडे सातवीला गणित शिकवायचो, 46 पोरं, अपूर्णांकात निम्मी नापास. हजेरीपट एक्सेलमध्ये मार्कांशेजारी लावून पिव्हट केलं तर नापास 23 पैकी 17 जण तो धडा चालू असताना आठवडाभर तरी गैरहजर, पास झालेल्यांत असे चारच. कापूस वेचणीचे दिवस ना! जानेवारीत धडा परत घेतला, त्या 17 पैकी 11 पास झाले.

मग इंटरव्ह्यू घेणारे विचारतातच, परत शिकवल्यानेच कशावरून? तिथं ताणू नका, पेपर वेगळा होता, तुलनेला दुसरी तुकडी नव्हती हे सरळ सांगा. मला पुढचे प्रश्न त्यावरच आले.