नायदर-नॉर आलं की क्रियापद डोळे झाकून एकवचनी?

मांजराकाठ: एका ग्रुपवर पोस्ट फिरतेय: "आयदर-ऑर, नायदर-नॉर आलं की क्रियापद डोळे झाकून एकवचनी, बोथ-अँड आलं की अनेकवचनी. विषय संपला." आमच्या लेकराच्या सरावात मात्र तिन्ही जोड्या एकाच वाक्यात आल्यात अन् क्रियापदाच्या तीन जागा मोकळ्या आहेत: "बोथ द क्लर्क अँड द हेडमास्टर ___ दॅट आयदर द पेरेंट्स ऑर द गार्डियन ___ टू साइन, बट नायदर द गार्डियन नॉर द पेरेंट्स ___ कम." पहिल्या जागेत से की सेज, पुढच्या दोन्हींत हॅज की हॅव. कुणी नीट सांगेल का?

गोदाकाठ: "डोळे झाकून" हे शब्द वाचून राग आला, म्हणून सविस्तर लिहिते.

पेन्सिल घ्या अन् दोन रेघा मारा, एक "दॅट"च्या आधी अन् एक "बट"च्या आधी. वाक्याची तीन घरं झाली. प्रत्येक क्रियापद आपल्याच घरातल्या कर्त्याकडं बघतं, शेजारच्या घरात डोकावत नाही. पहिल्या घरात बोथ-अँडनं क्लर्क आणि हेडमास्टर एकत्र बांधलेत, माणसं दोन झाली, म्हणून "से". दुसऱ्या घरात आयदर-ऑर कुणाला बांधत नाही, दोघांपुढं निवड ठेवतं. तिथं क्रियापदाच्या अगदी शेजारी कोण बसलंय ते बघायचं. गार्डियन आहे, एकटा आहे, म्हणून "हॅज टू साइन". तिसऱ्या घरात क्रियापदाच्या शेजारी पेरेंट्स आहेत, म्हणून "हॅव कम".

आता तिसऱ्या घरातली नावं उलटी करा: "नायदर द पेरेंट्स नॉर द गार्डियन हॅज कम." माणसं तीच, अर्थ तोच, फक्त शेजारी बदलला अन् क्रियापद बदललं. त्या पोस्टवाल्यांच्या नियमानं चाललं तर "नॉर द पेरेंट्स हॅज कम" लिहावं लागेल, आणि चूक शोधायच्या प्रश्नात नेमका तोच तुकडा चुकीचा म्हणून दिलेला असतो.

एकवचनाचा नियम आला कुठून तेही सांगते. "नायदर ऑफ द बॉइज इज रेडी" या वाक्यात नॉर नाहीच. तिथं नायदर स्वतःच कर्ता आहे, अर्थ "दोघांतला एकही", म्हणून परीक्षेत "इज". कुणीतरी "ऑफ"वाला नियम उचलून "नॉर"वाल्या वाक्याला चिकटवलाय. आधी ऑफ आहे की नॉर, एवढं तपासलं तरी अर्धा गोंधळ मिटतो.

बालाघाट: शेजारी बघायचं हे मला मान्य नाही. अर्थ बघा. नायदर-नॉर म्हणजे हेही नाही अन् तेही नाही, म्हणजे बोलणं सगळ्यांबद्दल चाललंय. दोघांत एक जरी अनेकवचनी असला तरी क्रियापद अनेकवचनीच हवं. "नायदर द फार्मर्स नॉर द ट्रेडर वेअर हॅपी" यात मला काही खटकत नाही. चांगल्या इंग्रजीत अनेकवचनच येतं असं मी वाचलंय.

गोदाकाठ: तुम्ही वाचलं ते खरं आहे, पण अर्धं लक्षात राहिलंय. सल्ला असा असतो की एक कर्ता एकवचनी अन् दुसरा अनेकवचनी असेल तर अनेकवचनी दुसऱ्या जागी न्या. "नायदर द ट्रेडर नॉर द फार्मर्स वेअर हॅपी" लिहा, कानालाही बरं वाटतं अन् नियमातही बसतं. तिथं जागा माणसांची बदलायची आहे. ट्रेडर क्रियापदाला चिकटून बसवायचा अन् वर "वेअर" लिहायचं, असा तो सल्ला नाही.

बालाघाट: बोलण्यात इंग्रज लोकसुद्धा "नायदर ही नॉर हिज ब्रदर आर" म्हणतात. दोन्ही एकवचनी असून "आर". मग तुमचा शेजारी कुठं गेला?

गोदाकाठ: बोलण्यात म्हणतात, नाकारत नाही. लेकराला उत्तरपत्रिकेत लिहायचंय, तिथं "इज"लाच गुण आहेत.

बालाघाट: परीक्षेपुरतं मान्य करतो. भाषेपुरतं नाही.

हुरडापार्टी: माझा प्रश्न याच्याशीच जुळतो. दुकानाच्या दारावर पाटी लावायचीय, "द शॉप विल बी बोथ क्लोज्ड ऑन मंडे अँड ट्यूजडे." बोथ आहे म्हणून शॉपचं शॉप्स करावं लागेल का?

गोदाकाठ: नाही हो, शॉप एकच राहू द्या. तुमच्या पाटीत चूक वचनाची नाही, जागेची आहे. बोथच्या लगेच पुढं जे येतं, अँडच्या पुढं त्याच जातीचं यायला हवं. तुमच्या बोथपुढं "क्लोज्ड" आहे, म्हणजे दुकानाची अवस्था, अन् अँडपुढं "ट्यूजडे", म्हणजे वार. अवस्था आणि वार यांची जोडी लागत नाही. बोथ उचलून वाराजवळ न्या: "क्लोज्ड ऑन बोथ मंडे अँड ट्यूजडे." किंवा ऑन दोनदा लिहा: "क्लोज्ड बोथ ऑन मंडे अँड ऑन ट्यूजडे." "बोथ ऑन मंडे अँड ट्यूजडे" मात्र नको, एका बाजूला ऑन अन् दुसरी बाजू उघडी.

नायदरचंही असंच होतं. "ही नायदर रीड्स बुक्स नॉर न्यूजपेपर्स" हे वाक्य सर्रास दिसतं. नायदरपुढं क्रियापद, नॉरपुढं नाम. नायदर एक घर पुढं सरकवा: "ही रीड्स नायदर बुक्स नॉर न्यूजपेपर्स." तपासायचं कसं? नायदरपासून नॉरपर्यंतचं सगळं बोटानं झाका, नॉर पण झाका, अन् उरलेलं वाचा. पहिल्या वाक्यात "ही न्यूजपेपर्स" उरतं, क्रियापदच गायब. दुसऱ्यात "ही रीड्स न्यूजपेपर्स" उरतं, वाक्य उभं राहिलं.

तुळजापूररोड: एक चूक आपल्याकडं हमखास होते ती कुणी सांगितली नाही. "दोघंही भाऊ आले नाहीत" याचं आपण "बोथ द ब्रदर्स डिड नॉट कम" करतो. इंग्रजी वाचणाऱ्याला त्यातून एक आला असंल अशी शंका राहते. तिथं "नायदर ब्रदर केम" पाहिजे. अन् नायदर लिहिल्यावर परत "नॉट" घालायचं नाही, नकार नायदरमध्येच आला. आपल्या "कुणीच आलं नाही"मध्ये च आणि नाही दोन्ही लागतात, म्हणून हात आपोआप "नायदर ही डिड नॉट कम" लिहून जातो.

गोदाकाठ: शंभर टक्के. मराठीत एकाच ठिकाणी नकार आपोआप सुटतो. "ना राम आला ना शाम" यात "नाही" लागत नाही. लेकराला हेच वाक्य दाखवा, नायदर-नॉर म्हणजे आपलं ना-ना, क्रियापद होकारीच.

औंढा: इंग्रजीची एवढी काळजी करताय, आधी मराठी तर नीट लिहा. परवा एका निमंत्रणावर "नवरा-बायको आली" असं छापलं होतं. आली? बाई एकटीच आली का? "आले" पाहिजे.

तुळजापूररोड: "आली" बरोबर आहे. ते बाईचं "आली" नाही. "लेकरं आली"मधलं "आली" आहे. पुरुष आणि बाई एकत्र आले की मराठीत जुन्या वळणाचं नपुंसक अनेकवचन येतं. दोघी बायका असत्या तर "आल्या" झालं असतं.

औंढा: आमच्या गावात कुणी असं बोलत नाही. "नवरा-बायको आले" हेच म्हणतात, अन् आम्ही काय चुकीचं बोलतो का?

तुळजापूररोड: चुकीचं कुणी म्हटलं? "आले"ही चालतं. पण छापलेल्याला चूक म्हणून खोडू नका, एवढंच म्हणतोय.

औंढा: मग "आई-वडील आली" का नाही म्हणत? तिथं कामून "आले"?

तुळजापूररोड: वडिलांना आपण आदरानं "आले" म्हणतोच, एकटे असले तरी. शेवटी तेच बसलेत, त्यांचा आदर क्रियापदात उतरतो.

बालाघाट: म्हणजे मराठीतही शेजारीच जिंकला! बाजारातलं वाक्य घ्या. "एक बैल अन् दोन गाई विकल्या." उलटं करा, "दोन गाई अन् एक बैल विकला." ऐकणाऱ्याला वाटेल बैलच विकला, गाई दावणीलाच आहेत. म्हणूनच मी म्हणतो, अर्थ बघा. आपण म्हणतो "तिन्ही विकले" अन् मोकळे होतो.

गोदाकाठ: या गाईंच्या वाक्यात तुमचं पटतं, मान्य करते. "आणि"नं जोडलेल्यात शेजारी धरला तर अर्थ सांडतो. पण तो "आणि" आहे. "किंवा" घाला: "दोन गाई किंवा एक बैल विकला असंल." आता काही सांडत नाही, कारण विकलं दोघांतलं एकच. बोथ-अँड अन् आयदर-ऑर यांचे नियम वेगळे का, ते इथंच दिसतं.

आपल्या लेकरांना कर्त्याकडं बघायची सवय का लागत नाही तेही बघा. "रामनं भाकर खाल्ली", "पोरींनी भाकर खाल्ली". कर्ता एक असो की चार, क्रियापद भाकरीकडं बघतं. "ना भाकर ना भात खाल्ला" म्हटलं की ते भाताकडं वळतं. असं वाक्य डोक्यात घेऊन इंग्रजी लिहिताना "नॉर द गर्ल्स हॅज ईटन" सुटून जातं. इंग्रजीत भाकर कितीही असू द्या, बघायचं पोरींकडं.

औंढा: "नवरा-बायको आली" मला अजूनही पटत नाही.

तुळजापूररोड: नका पटवून घेऊ. पण पुढच्या निमंत्रणावर दिसलं तर छापखान्यात फोन करू नका.

मांजराकाठ: से, हॅज, हॅव. लेकरानं रेघा मारून बरोबर भरलं. पण आता त्यानं विचारलंय, प्रश्न केला तर? क्रियापद पुढं गेलं तर शेजारी कोण?

गोदाकाठ: हुशार आहे लेकरू. क्रियापद आधी आलं की त्याच्या पुढचा पहिला कर्ता शेजारी होतो. "हॅज आयदर द गार्डियन ऑर द पेरेंट्स साइन्ड?" इथं शेवटी पेरेंट्स असले तरी "हॅज", कारण चिकटून गार्डियन आहे. नावं उलटली की "हॅव आयदर द पेरेंट्स ऑर द गार्डियन साइन्ड?" बोथ-अँडला मात्र फरक पडत नाही. "हॅव बोथ द गार्डियन अँड द क्लर्क साइन्ड?" यात दोघंही एकेकटे आहेत, तरी "हॅव"च.

बालाघाट: "हॅज आयदर द गार्डियन ऑर द पेरेंट्स" माझ्या कानाला बसत नाही.

गोदाकाठ: कानाला माझ्याही बसत नाही. म्हणून मी असा प्रश्न तोडून लिहिते: "हॅज द गार्डियन साइन्ड, ऑर हॅव द पेरेंट्स?"