रॉक मैफलींचा मदतनिधी : फायदा आपद्ग्रस्तांचा की गायकांचा?

प्रश्न (सतारवेडा): १९७१ ची बांगलादेश मैफल काय किंवा इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी झालेली १९८५ ची लाइव्ह एड मैफल काय, यांतून पीडितांना खरोखर मदत झाली की गायकांचेच नाव झाले?

रोखठोक: नावच झाले. बांगलादेशासाठी जमलेला पैसा अमेरिकेच्या करखात्याने गिळला, एवढे सांगितले तरी पुरे.

हिशेबनीस: गिळला नाही, अडकवला, आणि तोही सगळा नाही. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दुपारी आणि रात्री असे दोन कार्यक्रम झाले. त्यांच्या तिकिटांचे सुमारे २,४३,००० डॉलर युनिसेफला लगेच मिळाले. खरी मोठी रक्कम नंतरच्या ध्वनिमुद्रिकेची आणि चित्रपटाची होती. मात्र हे उत्पन्न युनिसेफचे असेल अशी कागदोपत्री व्यवस्था आयोजकांनी आधी केलीच नव्हती. त्यामुळे करखात्याच्या लेखी ते करपात्र ठरले आणि लाखो डॉलर वर्षानुवर्षे पडून राहिले. मोठा हप्ता सुटला तो थेट ऐंशीच्या दशकात, म्हणजे ज्या निर्वासितांसाठी हा खटाटोप झाला ते केव्हाच मायदेशी परतल्यानंतर.

हा दोष घाईचा आणि हिशेबाचा आहे, प्रसिद्धीच्या हव्यासाचा नव्हे. पंडित रविशंकरांनी गळ घातली म्हणून जॉर्ज हॅरिसन पुढे आले, आणि बीटल्समधून बाहेर पडलेल्या त्या माणसाला त्या वेळी नावाची वाण मुळीच नव्हती. निक्सन सरकार पाकिस्तानची पाठराखण करत असताना ‘बांगलादेश’ हे नाव अमेरिकी तरुणांच्या तोंडी गेले, त्याचे मोल डॉलरमध्ये कसे करणार?

माळावरची: किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या महाविद्यालयाने मदतीसाठी वाद्यवृंदाचा कार्यक्रम ठेवला होता. सभागृहाचे भाडे, ध्वनिक्षेपक आणि कलाकारांचा प्रवासखर्च वजा जाता जे उरले, त्यात जेमतेम काही घोंगड्या आल्या. निमंत्रणपत्रिकेवर पाहुण्यांची नावे मात्र ठळक होती. तेव्हापासून मी आधी खर्चाचा कागद मागते.

रोखठोक: करखात्याबद्दलची माझी चूक मान्य. पण लाइव्ह एडमध्ये क्वीन या ब्रिटिश रॉक बँडने वीसेक मिनिटे गाजवली आणि त्यांची ओसरलेली लोकप्रियता पुन्हा उसळली, हे तरी नाकारता का?

हिशेबनीस: नाकारत नाही. मात्र तिथे बँड एड या मदतीसाठीच जमलेल्या गायकसमूहाचा विश्वस्त निधी मैफलीच्या आधीच नोंदवलेला होता, त्यामुळे पैसा कोणाचा हा प्रश्न उरला नाही. तो इथिओपियात कोणामार्फत वाटायचा, हा वाद वेगळा आणि जास्त अवघड आहे, कारण दुष्काळ पडला तिथेच युद्धही चालू होते आणि मदतीच्या वाटा तिथल्या सरकारच्या हातात होत्या.

रोखठोक: मग मूळ प्रश्न तोच होता ना!