मदत हवी आहे: कथेतल्या मुलाला 'इंटरव्ह्यू' म्हणजे काय वाटेल?

बांधावरचा: कथा अडली आहे आणि दिवाळी अंकाची मुदत जवळ आली आहे. खेड्यातल्या मुलाला पहिल्या नोकरीचा कॉल येतो, त्यातला 'इंटरव्ह्यू' त्याला कळत नाही. तो काय समजेल? त्याला कोण सांगेल? मास्तरांनी सांगितलं तर कथा दोन ओळींत संपते. लवकर सुचवा.

स्नेहल_पुणे: मुलाला सांगा, इस्त्रीचा शर्ट घाल, वेळेआधी पोच आणि पगाराचा विषय आपणहून काढू नकोस.

बांधावरचा: ताई, मुलगा कथेतला आहे.

रानमेवा: साल कुठलं? फोन आला की पत्र? आज शाळकरी पोरालाही हा शब्द माहीत असतो.

बांधावरचा: १९७३, बीडकडचं गाव. कॉल म्हणजे पत्रच, तेव्हा दुसरं काय असणार!

निवृत्त_कारकून: मी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये होतो. आधी पत्र कुठून आलं ते ठरवा. राज्य सरकारच्या कचेरीचं पत्र मराठीत असलं तर त्यात 'मुलाखत' येईल आणि तुमची अडचणच उरणार नाही. म्हणून केंद्राच्या कचेरीतून किंवा कारखान्यातून येऊ द्या. आम्ही फक्त नावं पाठवायचो, पत्र मालक धाडायचा. सायक्लोस्टाईलचा इंग्रजी कागद, नाव आणि तारीख तेवढी हातानं भरलेली: 'अटेंड इंटरव्ह्यू विथ ओरिजिनल सर्टिफिकेट्स'. सर्टिफिकेट हा शब्द त्यानं शाळा सोडताना ऐकलेला आहे. त्याला वाटेल, इंटरव्ह्यू हाही दाखलाच. मग तो तलाठ्याकडे इंटरव्ह्यू काढायला जाईल. तलाठी दुष्काळाच्या कामात, आज या गावी तर उद्या त्या. इकडे तारीख जवळ येतेय.

रानमेवा: पटत नाही. मॅट्रिक झालेला पोरगा इतका अडणार नाही.

निवृत्त_कारकून: मॅट्रिक कशाला हवा? शिपायाच्या जागेला सातवी पासही नाव नोंदवायचे.

शेवंता: माझे वडील त्या दुष्काळात खडी फोडायला होते. सुकडी, मिलोची भाकरी, सगळं सांगायचे. अख्खं गाव कामावर, म्हणजे पोस्टमन पत्र तिथंच आणून देईल. वाचून दाखवेल तो मस्टर लिहिणारा. वडिलांचंही एक्स्चेंजचं कार्ड होतं, पण नूतनीकरण राहिलं आणि कॉल कधी आलाच नाही.

निवृत्त_कारकून: मस्टरवाल्याला आकडे येतात, इंग्रजी येईलच असं नाही. 'साहेबानं कागद मागितलाय' एवढंच तो सांगेल.

रानमेवा: मग कुणीच सांगू नका. तो कचेरीत पोचू दे, दारावरचा शिपाई सांगेल. त्या खुर्चीवर बसण्याआधी त्यालाही हा शब्द कुणीतरी सांगितलाच असेल.

शेवंता: नको, तिथवर एसटीचं भाडं कुठून आणणार तो? मजुरी आठवड्यानं, तीही रखडलेली. आधी भाडं लिहा.

बांधावरचा: दाखल्याचं घेतो, उसन्या भाड्याचंही. तलाठी भेटल्यावर इंटरव्ह्यू काय ते त्यालाही कळत नाही, म्हणून तो रहिवासी दाखला लिहून देतो, असं करतोय. तेव्हा हा दाखला तलाठी द्यायचा की सरपंच? कारकूनकाका, आजच सांगाल का?